फुकटाची रेघ कुठे ओढायची?

एखाद्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरनं फ्री प्लॅनला कात्री लावली की ठरलेला वाद सुरू होतो. मार्च २०२१मध्ये पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपासनं फुकट खातं मोबाइल किंवा कॉम्प्युटर यांपैकी एकाच प्रकारच्या उपकरणांपुरतं ठेवलं तेव्हा तो झाला. डिसेंबर २०२३मध्ये एव्हरनोटनं फुकट वापरणाऱ्यांना ५० नोंदी आणि एक वही एवढ्यावर आणलं तेव्हाही झाला. एक बाजू म्हणते, कंपनीला हाव सुटली. दुसरी म्हणते, फुकट्यांना कितीही दिलं तरी कमीच, सर्व्हरचं बिल कोण भरणार? भांडण जोरात चालतं, पण दोघांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते, ती म्हणजे प्रश्न 'किती द्यायचं' हाच आहे. सढळ हातानं द्यायचं की हात आखडता घ्यायचा, एवढंच काय ते ठरवायचं. ज्या बैठकांत हे प्लॅन ठरतात तिथंही फार वेगळं घडत नाही. कुणी म्हणतं पाच प्रोजेक्ट फुकट द्या, कुणी म्हणतं दहा, आणि शेवटी सातावर तडजोड होते. सातच का, हे त्या खोलीतल्या कुणालाही सांगता येत नाही.

माझं म्हणणं असं की आकडा ही शेवटी ठरवायची बाब आहे. त्याआधी रेघ कशावर ओढायची, म्हणजे मोजायचं काय, हे ठरायला हवं. आणि त्याचं उत्तर बहुतेक सॉफ्टवेअरच्या बाबतीत एकाच दिशेला जातं. फ्री प्लॅननं मूळ काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून द्यावं. पैसे मागावेत ते काम वाढल्यावर, त्यात माणसं वाढल्यावर, किंवा ते काम चुकलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल अशी वेळ आल्यावर. मधूनच काम तोडून 'पुढचं बघायचं तर पैसे भरा' म्हणणारी रेघ पहिल्या महिन्यात कमाई दाखवते आणि पुढे महाग पडते.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक साधं सॉफ्टवेअर घेऊ. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठी बिलं बनवण्याचं. त्यातलं मूळ काम असं: ग्राहकाचं नाव टाकायचं, कामाचा तपशील आणि कर भरायचा, बिलाची पीडीएफ काढायची, ती पाठवायची, आणि पैसे आले की खूण करायची. इथे रेघ ओढायला किमान सहा जागा आहेत. पहिली, पीडीएफ उतरवून घेणं पेड करायचं. ही सर्वांत वाईट जागा. माणसानं वीस मिनिटं घालून बिल भरलं आणि शेवटच्या बटणावर पैशांची पाटी आली, तर त्याला फसवल्यासारखंच वाटणार. दुसरी जागा म्हणजे एकूण ग्राहकांची संख्या. वरवर ती शहाणपणाची वाटते, पण व्यवहारात लोक जुना ग्राहक खोडून त्याच नोंदीवर नव्याचं नाव लिहितात. सहा महिन्यांनी जुनी बिलं भलत्याच नावावर दिसू लागतात आणि तक्रार येते ती सॉफ्टवेअर बिघडल्याची. तिसरी, आजवरच्या एकूण बिलांवर मर्यादा. ती सावकाश वापरणाऱ्यालाही वर्षभरानं गाठते, म्हणजे ज्याचा धंदा अजून लहानच आहे त्यालाच अडवते. चौथी, दरमहा बिलांची संख्या. ही बरी, कारण धंदा वाढला की ती आपोआप वाढते. पाचवी, बिलाच्या तळाशी सॉफ्टवेअरचं नाव छापणं. घरगुती शिकवणी घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, मोठ्या कंपनीला बिल पाठवणाऱ्याला वाटतं, आणि तोवर प्रत्येक बिल तुमची जाहिरात करत फिरतं. सहावी जागा म्हणजे थकलेल्या बिलांची आपोआप स्मरणपत्रं आणि दरमहा आपोआप निघणारी बिलं. ज्याची महिन्याला तीन बिलं आहेत त्याला याची गरजच पडत नाही. चाळीस असतील तर त्यावाचून त्याचं चालत नाही.

चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या जागेत एक साम्य आहे. तिन्ही ठिकाणी रेघ ज्याला लागते त्याला सॉफ्टवेअरचा फायदा आधीच झालेला असतो आणि रेघ ओलांडण्याचं कारण त्याच्या स्वतःच्या कामातून आलेलं असतं. पहिल्या तीन जागांचं तसं नाही. तिथे कारण तुम्ही तयार केलेलं असतं, आणि ते लोकांच्या लगेच लक्षात येतं. (जाता जाता एक सातवी जागा: हिशेबनीसाला खात्यात डोकावता येणं. बहुतेक जण याला 'दुसरा युजर' समजून पेडमध्ये टाकतात. चूक आहे ती. एका हिशेबनीसाच्या हाताखालून अनेक अशिलांची बिलं जातात. त्याला आत येणं फुकट असेल तर पुढची खाती तोच आणतो.)

आता आकडा. समजा आपण दरमहा बिलांची संख्या ही रेघ धरली. तीन महिने जुनी आणि अजून वापरात असलेली १,००० खाती काढली. नवी खाती यात घ्यायची नाहीत, कारण नवा माणूस पहिल्या आठवड्यात उगाच पाच-सहा नमुना बिलं करून बघतो. या हजारांत ६२० जण महिन्याला तीन किंवा त्याहून कमी बिलं करतात, १९० जण चार ते आठ, आणि उरलेले १९० आठाहून जास्त. बैठकीत कुणीतरी पाच सुचवलं आणि तेच ठरलं. पाचाच्या वर २५० खाती येतात. दोन महिन्यांनी पाहिलं तर त्यातल्या ४० जणांनी पैसे भरले. हजारांत चाळीस, म्हणजे ४ टक्के. या धंद्यात ४ टक्क्यांना वाईट म्हणत नाहीत, म्हणून सगळे खूश.

पण जो आकडा पाहायचा तो हा नाहीच. पाहायचं ते भिंतीला येऊन धडकलेल्या २५० जणांचं काय झालं हे. समजा महिन्याला नेमकी पाच बिलं करणारी खाती आधीपेक्षा ११०नं वाढली, आणि १०० खाती बंदच पडली. म्हणजे धडकलेल्यांपैकी १६ टक्क्यांनी पैसे भरले, ४४ टक्क्यांनी पळवाट शोधली आणि ४० टक्के निघून गेले. आलेखावर मर्यादेच्या आकड्याला चिकटून असा ढीग दिसला की समजावं, रेघ चुकीच्या जागी आहे. त्या ११० जणांचं सहावं बिल कुठे गेलं? कुणी दुसऱ्या ईमेलवरून आणखी एक खातं उघडलं, कुणी पाचवंच बिल उघडून त्यातलं नाव आणि रक्कम बदलली. पहिला प्रकार एकाच धंद्याच्या नावावरच्या जोडखात्यांवरून पकडता येतो, दुसरा एकाच बिलाची पीडीएफ वेगवेगळ्या रकमांनी पुन्हा पुन्हा उतरवली गेली यावरून. रेघ आठावर नेली तर फक्त १९० जण धडकतील, आणि ते बिलांवरच पोट असलेले लोक. त्यांतल्या ४५ जणांनी पैसे भरले तरी कमाई आधीपेक्षा जास्त, आणि भिंतीवर डोकं आपटून चिडलेले लोक ६०नं कमी. ढीग तरीही हलला नाही, तर आकड्याशी खेळत बसू नये. मोजमापच बदलावं, म्हणजे स्मरणपत्रांच्या रेघेकडे जावं.

मोजमाप बदललं की फुकटाचा वाटा कोणाकडून कोणाकडे सरकतो, याचं चांगलं उदाहरण म्हणजे ऑफिसातल्या टीमना आपसात संदेश पाठवता येणारं स्लॅक. त्यांच्या फ्री प्लॅनमध्ये अनेक वर्षं शेवटचे १०,००० संदेश दिसत. १ सप्टेंबर २०२२पासून त्याऐवजी शेवटच्या ९० दिवसांचे दिसू लागले. यावरही 'कमी केलं' आणि 'जास्त दिलं' अशा दोन बाजू पडल्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही बरोबर होत्या. रोज २०० संदेश टाकणाऱ्या टीमला आधी शेवटच्या ५० दिवसांचं दिसत होतं, आता ९० दिवसांचं दिसू लागलं. रोज २० संदेश टाकणाऱ्या शांत टीमला आधी ५०० दिवसांचा इतिहास होता, तो ९०वर आला. आणि रोज २,००० संदेश पडणाऱ्या एखाद्या मोठ्या हौशी गटाला आधी पाचच दिवस मागचं दिसायचं. अशा गटात शेकडो माणसं असतात आणि दर माणशी पैसे भरणं त्यांना कधीच जमणार नसतं. म्हणजे जुनी रेघ ज्यांच्याकडून पैसे येण्याची शक्यता शून्य त्यांनाच सगळ्यात आधी लागत होती, आणि वर्ष-वर्ष निवांत वापरणाऱ्या छोट्या ऑफिसला लागतच नव्हती. नव्या रेघेनं हे उलटं केलं. ९० दिवस झाले की ती सगळ्यांना लागते. शिवाय 'तुमचे किती संदेश उरलेत' हे कुणाला आठवत नाही, पण तीन महिने ही गोष्ट कुणालाही समजते.

याच प्रकरणात आणखी एक बारकावा आहे. त्या काळात जुने संदेश झाकले जात, पुसले जात नव्हते. पैसे भरले की सगळा इतिहास परत उघडायचा. दोन वर्षांपूर्वीचा एखादा निर्णय शोधायची वेळ आली की अपग्रेडचं कारण समोर उभं राहायचं, आणि टीम जितकी जुनी तितकं ते कारण वजनदार. २६ ऑगस्ट २०२४पासून फ्री टीमचे एक वर्षाहून जुने संदेश आणि फायली कायमच्या पुसायला सुरुवात झाली. साठवणुकीचा खर्च वाचला असेल, जुना डेटा सांभाळण्याची जोखीमही गेली असेल. पण विकण्याच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या टीमला परत मिळवण्यासारखं आता वर्षभराचंच उरलं. पाच वर्षं जुन्या टीमसाठी अपग्रेडचं कारण पाच वर्षांचं होतं, ते एका वर्षाचं झालं. हा सौदा त्यांना परवडलाही असेल, पण झाकणं आणि पुसणं यांत असा फरक आहे हे ठरवणाऱ्यानं विसरू नये.

आता विरोधी बाजूचं ऐकू, कारण तिच्या बोलण्यात तथ्य आहे. पहिला मुद्दा असा की फुकट वापरणारे बहुतेक लोक कधीच पैसे भरत नाहीत. हे खरंच आहे. ड्रॉपबॉक्स २०१८मध्ये शेअर बाजारात उतरली तेव्हा तिनंच जाहीर केलेले आकडे होते ५० कोटींहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते आणि १.१ कोटी पैसे भरणारे. साधारण २ टक्के. आणि फ्रीमियमचं, म्हणजे मूळ वापर फुकट आणि जास्तीचं विकत या पद्धतीचं, यशस्वी उदाहरण म्हणून सांगितली जाते ती हीच कंपनी. मग ९८ टक्क्यांना मूळ काम पूर्ण करून देणं म्हणजे अन्नछत्र नाही का?

याचा हिशेब करावा, भावनेवर सोडू नये. समजा शंभरांतले तीन जण पैसे भरतात आणि प्रत्येकाकडून खर्च वजा जाता महिन्याला ८ डॉलर उरतात. म्हणजे २४ डॉलर आले. उरलेल्या ९७ जणांवर माणशी ५ सेंट खर्च होत असेल तर पाच डॉलरच्या आत भागलं. तोच खर्च ४० सेंट असेल तर जवळपास ३९ डॉलर गेले आणि धंदा बुडाला. मजकूर साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली स्थिती असते. व्हिडिओ, मोठी गणितं, सतत चालू राहणारे सर्व्हर यांत दुसरी. प्रोग्रॅम चालवायला सर्व्हर पुरवणाऱ्या हेरोकूनं नोव्हेंबर २०२२मध्ये आपले फुकट सर्व्हर बंद केले तेव्हा कारण सांगितलं ते गैरवापर आणि फसवणूक आवरण्यात जाणाऱ्या ताकदीचं. कच्ची संगणन-शक्ती फुकट ठेवली की ती उपसायला आलेले लोक तुमच्या उत्पादनाचे वापरकर्ते नसतातच. अशा ठिकाणी फ्री प्लॅन नसणं हेच बरोबर, दोन आठवड्यांची ट्रायल द्यावी आणि मोकळं व्हावं. पण या मुद्द्यातून 'फ्री प्लॅन लंगडा ठेवा' हे कसं निघतं? खर्च जिथे होतो तिथे मर्यादा घाला, एवढंच निघतं. पीडीएफचं बटण अडवल्यानं सर्व्हरचं किती बिल वाचतं? जवळपास शून्य.

दुसरा मुद्दा जास्त टोकदार आहे, आणि तो जुनाही आहे. १८४९मध्ये ज्यूल द्यूप्वी या फ्रेंच अभियंत्यानं रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिलं होतं. त्या डब्यांना छप्पर नसे, बाकडी उघड्या लाकडाची. त्याचं म्हणणं असं की छपराला किंवा गादीला लागणारे पैसे वाचवायला कंपनी हे करत नाही. ज्याला दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडतं त्यानं तिसऱ्यात बसू नये, यासाठी करते. गरिबाला त्रास द्यायचा हेतू नाही, श्रीमंताला घाबरवायचं आहे. १९९०मध्ये आयबीएमनं स्वस्त लेझर प्रिंटर काढला तेव्हाही हेच झालं. यंत्र तेच, फक्त मिनिटाला दहाऐवजी पाच पानं निघावीत म्हणून आतल्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम थांबे घातलेले. मुद्दाम बिघडवलेला माल विकून एकूण कमाई वाढू शकते, हे अर्थशास्त्रात मान्य झालेलं आहे. मग सॉफ्टवेअरनंच सोवळं का पाळावं?

हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण त्यातलं उदाहरण नीट पाहिलं तर ते उलट बाजूला जातं. तिसऱ्या वर्गाचा डबा उघडा होता खरा, पण तो त्याच स्टेशनात पोचत होता. आयबीएमचा प्रिंटर हळू होता, पण अर्ध्या पानावर थांबत नव्हता. कात्री लागली ती आरामाला आणि वेगाला, प्रवास पुरा होत होता. पीडीएफ अडवणारं बिलाचं सॉफ्टवेअर म्हणजे मधल्या जंगलात उतरवणारी गाडी. शिवाय रेल्वेच्या प्रवाशाला त्या काळी दुसरी गाडी नव्हती. सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्याला बाजूच्या टॅबमध्ये तीन पर्याय उघडे असतात, आणि मूळ काम पुरं करून देणारा त्यातला एक तरी निघतोच.

सॉफ्टवेअरच्याच इतिहासात हा प्रयोग एकदा होऊन गेलेला आहे. १९८०च्या दशकातलं शेअरवेअर म्हणजे पूर्ण प्रोग्रॅम वाटायचा आणि आवडला तर पैसे पाठवा अशी विनंती करायची. पैसे फार थोडे पाठवत, कारण पाठवल्यावर हाती नवं काही येत नसे. उलट टोकाला गेलेल्यांनी सगळं दाखवणारा पण 'सेव्ह' न करू देणारा प्रोग्रॅम वाटला. तो लोकांनी एकदा उघडून पाहिला आणि पुसून टाकला. मग १९८७च्या सुमारास अपॉजी या गेम कंपनीच्या स्कॉट मिलरनं तिसरी वाट काढली. खेळाचा पहिला भाग अख्खा फुकट, पुढचे भाग विकत. डिसेंबर १९९३मध्ये आलेल्या डूमनं हेच केलं. तीन भागांपैकी पहिला पूर्ण, त्यातली कुठलीही गोष्ट कापलेली नाही, स्वतःचा शेवट असलेला, आणि वाटायला मोकळा. तो संपवणाऱ्याला पुढचं हवंच असायचं. सढळपणा आणि कंजूषपणा यांच्या मोजपट्टीवर डूम कुठे बसतो? दोनतृतीयांश खेळ रोखून धरला, म्हणजे कंजूषच. तरी कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण जे दिलं ते पुरतं दिलं.

तिसरा आक्षेप असा की प्रमाणावरची रेघ सहज चुकवता येते. येते, आणि कधीकधी ती तशी असणंच बरं. झूममध्ये फुकट मीटिंग ४० मिनिटांनी तुटते. पुन्हा लिंक उघडून सगळे परत आत येऊ शकतात, हे झूमलाही माहीत आहे. वाढदिवसाच्या गप्पा मारणारे नातेवाईक हसत-हसत परत येतात. पण ग्राहकासमोर प्रस्ताव मांडणाऱ्या माणसाची मीटिंग आकडे सांगता-सांगता तुटली तर दुसऱ्या दिवशी तो पैसे भरतो. पळवाट दोघांना सारखीच उघडी आहे, ती वापरण्याची लाज मात्र एकालाच वाटते. 'तुम्ही धंद्यासाठी वापरता का?' असा प्रश्न फॉर्मवर विचारून खरं उत्तर मिळत नाही, ते या ४० मिनिटांतून मिळतं. आधी सांगितलेल्या ढिगाच्या परीक्षेला हा मात्र अपवाद आहे. ३९-४० मिनिटांना संपणाऱ्या मीटिंगांचा ढीग दिसला तरी घाबरायचं कारण नाही, जोवर ढिगातले लोक पैसे न भरणाऱ्या वर्गातले आहेत आणि प्रत्येक मीटिंगला नवे पाहुणे आणताहेत. ढीग कुणाचा आहे ते पाहावं लागतं.

माणसांवर आणि जबाबदारीवरच्या रेघेचा सर्वांत स्पष्ट नियम कोड ठेवण्याची आणि त्यावर मिळून काम करण्याची सोय देणाऱ्या गिटलॅबनं आपल्या सगळ्यांना वाचता येणाऱ्या हँडबुकात लिहून ठेवला आहे. फीचर कुठल्या प्लॅनमध्ये टाकायचं हे त्याची जास्त काळजी कोणाला आहे त्यावरून ठरवायचं. एकट्यानं कोड लिहिणाऱ्याला असेल तर फुकट. त्याच्या मॅनेजरला असेल तर मधला प्लॅन. त्याहून वरच्या अधिकाऱ्याला असेल तर महागडा. ते फीचर बनवायला किती कष्ट पडले किंवा ते किती झकास दिसतं, याचा इथे संबंधच नाही. पाकिटावर हात असलेल्या माणसाला ज्याची चिंता, तेच विकायचं. तसंच काम करणारं गिटहबही शेवटी याच वाटेला आलं. आधी खाजगी कोड ठेवायचा तर पैसे लागत. जानेवारी २०१९मध्ये तीन सहकाऱ्यांपर्यंत खाजगी कोड फुकट झाला, एप्रिल २०२०मध्ये माणसांची मर्यादाही गेली. उरलं ते कंपन्यांना लागणारं: कोण काय करू शकतो याचे बारीक अधिकार, एकाच ऑफिसच्या लॉगिननं आत येणं, कुणी काय बदललं याची नोंदवही. हौशी माणसानं आपला कोड लपवण्यासाठी भरलेल्या चार पैशांपेक्षा कंपनीची ही गरज कितीतरी मोठी होती.

इथे एक सावधगिरी हवी. 'सुरक्षितता कंपन्यांना हवी असते, म्हणून ती पेडमध्ये' असा सरसकट अर्थ काढणारे बरेच आहेत. ऑफिसच्या एकत्रित लॉगिनचे पैसे घ्या, तिथे खरंच व्यवस्थापनाचं काम असतं. पण दोन टप्प्यांचं लॉगिन आणि स्वतःचा डेटा बाहेर काढता येणं या दोन गोष्टी फुकटच राहाव्यात. फुकट खातं फोडलं गेलं तरी बातमीत नाव तुमचंच येतं. आणि एक्स्पोर्ट अडवलं की माणूस थांबत नाही, उलट पहिलं बिल भरण्याआधीच विचार करू लागतो की इथून निघताना आपलं काय होईल.

राहता राहिली ओढलेली रेघ मागे घेण्याची गोष्ट, ज्यावरून हे सगळे वाद पेटतात. कधी ती घ्यावी लागते. खर्च वाढतात, चुकीचा आकडा लक्षात येतो. पण न दिलेलं आणि देऊन काढून घेतलेलं यांत माणसाच्या लेखी फार अंतर असतं. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. नवी मर्यादा आधी फक्त नव्या खात्यांना लावावी आणि दोन-तीन महिने वर सांगितलेले तीन आकडे बघावेत: धडकलेल्यांपैकी भरणारे किती, चुकवणारे किती, जाणारे किती. ते पटले तरच जुन्यांकडे वळावं, आणि तेही मुदत देऊन. मर्यादेबाहेर गेलेल्या जुन्या कामाला हात लावू नये. एव्हरनोटवर इतकी टीका झाली, पण ५०हून जास्त नोंदी असलेल्या जुन्या वापरकर्त्यांना त्या वाचता, बदलता आणि बाहेर काढता येत राहिल्या, फक्त नवी नोंद करता येईना. एवढं त्यांनी बरोबर केलं होतं. चुकलं ते मोजमाप. नोंदींच्या सॉफ्टवेअरची सवय लागते ती नोंदी साठत गेल्यावर, आणि ५० नोंदी तर काही आठवड्यांत होतात, म्हणजे सवय लागायच्या आत भिंत. २०१६पासून त्यांच्याकडे दोन उपकरणांची रेघ होती. ती निदान ज्याला आपल्या नोंदी सगळीकडे हव्या आहेत, म्हणजे ज्याचं त्यावाचून अडतं, अशाच माणसाला लागत होती.